ओली वाळू, भिजलेली खडी आणि स्लॅबचे पाणी: किती कापायचे, किती वाढवायचे, खर्च किती

स्लॅबच्या दिवशी तुमच्या साइटवर आलेली वाळू कोरडी नसते. जळगावात ती गिरणेची असो, धुळ्यात तापीकाठची असो, नाहीतर खदानीवरची क्रश सँड असो, तिच्या पोटात पाणी असते. मिक्सरवाला मात्र रोजच्या सवयीने तेवढ्याच बादल्या ओततो. यात तुमची दोन नुकसाने होतात आणि दोन्ही एकाच वेळी होतात. वाळूतले पाणी हिशेबात न धरल्याने काँक्रीटमध्ये पाणी जास्त जाते. ओली वाळू फुगलेली असल्याने फर्मा भरूनही प्रत्यक्ष वाळू कमी पडते. म्हणून दुरुस्त्याही दोन: पाणी कमी करा आणि वाळू वाढवा. बरेच मिस्त्री माल पातळ दिसला की नजरेने पाणी कमी करतात, पण वाळू कोणी वाढवत नाही. अर्धी दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती नव्हे.

एम २० काँक्रीट आणि ५० किलोची गोणी धरून पुढचा सगळा हिशेब केला आहे. एम २५ किंवा त्यापुढचे काँक्रीट असेल तर मिक्स डिझाइनचा अहवाल लागतोच. त्यातले आकडे घ्या, रीत हीच.

आधी मूळ आकडा पक्का करा

दर गोणीला किती माल आणि किती पाणी, हे इंजिनिअरकडून कागदावर घ्या. आयएस ४५६ या भारतीय मानकात एम २० च्या साध्या मिश्रणासाठी दर गोणीला वाळू-खडी मिळून जास्तीत जास्त २५० किलो, तीही कोरडी, आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर दिले आहे. पण त्याच मानकात सळई घातलेल्या काँक्रीटला, सौम्य हवामानातही, पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ च्या वर जाऊ देऊ नका असे सांगितले आहे. म्हणजे गोणीला साडेसत्तावीस लिटर. आपण २७ लिटर धरू. वाळू ८३ किलो, खडी १६७ किलो. साइटवरच्या भाषेत हे १ : १.५ : ३ च्या जवळच आहे. ३५ लिटरच्या फर्म्याने कोरडी वाळू दीड फर्मा आणि खडी तीन फर्मे भरली तर वजन साधारण एवढेच येते.

यातला ‘कोरडी’ हा शब्द साइटवर सगळे विसरतात.

कढईची चाचणी: वीस मिनिटे, घरचाच काटा

लागते काय? एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, लोखंडी कढई, गॅस किंवा स्टोव्ह, आणि उलथने. काटा नसेल तर विकत घ्या. स्लॅबच्या खर्चात तो दिसणारसुद्धा नाही. साइट इंजिनिअरने या चाचणीचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. ती त्याच्या कामातच येते.

वाळूच्या ढिगाचा वरचा थर घेऊ नका. जळगावच्या उन्हात ढीग वरून तासाभरात पांढरा पडतो आणि आत हात घातला तर गार, ओला लागतो. तीन-चार जागी वीतभर खणून वाळू काढा, एकत्र कालवा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून न्या. त्यातली बरोबर १००० ग्रॅम कढईत घ्या. मंद आचेवर हलवत राहा. वाळू मोकळी सुटू लागली की कढईवर काचेचा तुकडा किंवा स्टीलचे झाकण क्षणभर धरा. त्यावर वाफ धरत नसेल तर वाळू वाळली. निवू द्या, वजन करा. पुन्हा पाच मिनिटे तापवून वजन करा. दोन्ही वेळा तेच आले तर काम झाले.

समजा, कोरडे वजन ९४८ ग्रॅम आले. उडालेले पाणी ५२ ग्रॅम. ५२ ला ९४८ ने भागा आणि १०० ने गुणा: साडेपाच टक्के. भागायचे ते कोरड्या वजनाने, ओल्या वजनाने नव्हे. इथे घाईत चूक होते.

खडीची चाचणी अशीच, फक्त २ किलो घ्या आणि आच मंदच ठेवा. खडे एकदम तापवले तर तडकून उडू शकतात, तेव्हा कढईवर वाकून बघू नका. समजा २००० ग्रॅमची १९६१ ग्रॅम झाली, तर ओल २ टक्के.

सगळे पाणी वजा करू नका

वाळूच्या आणि खडीच्या कणांना बारीक छिद्रे असतात. तेवढे पाणी ते पिऊन बसतात आणि परत देत नाहीत. हे शोषण. त्यापलीकडचे, कणाच्या अंगावर चिकटलेले पाणी तेवढे मोकळे असते आणि सिमेंटला तेच मिळते. वजा करायचे ते हे मोकळे पाणी.

शोषणाचा आकडा घरी काढणे जिकिरीचे आहे: माल २४ तास भिजवायचा, अंगावरचे पाणी टिपायचे, वजन करायचे, मग भट्टीत सुकवायचे. तो प्रयोगशाळेतून घ्या. खदान किंवा नदीचा घाट बदलत नाही तोवर हा आकडा फारसा हलत नाही, त्यामुळे एकदाच खर्च. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या शासकीय तंत्रनिकेतनांच्या स्थापत्य विभागात आधी चौकशी करा. नाहीतर तुमच्या इंजिनिअरच्या माहितीतली खासगी साहित्य प्रयोगशाळा. वाळू ५ किलो, खडी १० किलो, वेगवेगळ्या पिशव्यांत, वर माल कुठला ते लिहिलेली चिठ्ठी, आणि कामाच्या नावाने एक साधे पत्र. निकालाला दोन-तीन दिवस धरा. शुल्क सांगतील तेव्हा जीएसटी धरून की सोडून, हे त्याच वेळी विचारा. आणि एक युक्ती: खदानवाल्याकडे किंवा रेडीमिक्स कंपनीकडे त्याच मालाचा अहवाल बऱ्याचदा असतो. मागा. मिळाला तर तुमचे पैसे वाचले, फक्त त्यावरची तारीख आणि खदानीचे नाव बघून घ्या.

आपल्याकडची खडी काळ्या बेसॉल्टची. तिचे शोषण साधारण एक ते दोन टक्के असते. नदीच्या चांगल्या वाळूचे त्याच आसपास. क्रश सँडचे बहुतेकदा याहून जास्त. आपल्या उदाहरणात वाळूचे दीड टक्का आणि खडीचे १.२ टक्के धरू.

आता एका गोणीचा हिशेब

वाळूत ओल साडेपाच, शोषण दीड. मोकळे पाणी ४ टक्के. ८३ किलोला ३.३ लिटर.

खडीत ओल २, शोषण १.२. मोकळे पाणी ०.८ टक्के. १६७ किलोला १.३ लिटर.

एकूण ४.६ लिटर पाणी वाळू-खडीबरोबर आधीच मिक्सरमध्ये आले आहे. २७ मधून ते काढा. बादलीने ओतायचे पाणी उरले २२.४ लिटर.

वजनाने माल घेत असाल तर वाळूचेही वजन वाढवा. ८३ किलो कोरडी वाळू हवी असेल तर काट्यावर ओली ८७.६ किलो भरली पाहिजे. खडी १६७ ऐवजी १७०.३. हे विसरलात तर दर गोणीला साडेचार किलो वाळू आणि तीन किलोहून जास्त खडी कमी जाते.

आणि दुरुस्ती न करता २७ लिटर ओतले तर? मिश्रणात ३१.६ लिटर पाणी झाले. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५४ चे ०.६३ झाले. ठोकताळ्याने ताकद पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरते. पिंप्राळ्यात किंवा देवपुरात एखाद्या घराचा १००० चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब धरा: साधारण ११.८ घनमीटर काँक्रीट, ८६ गोण्या. ४.६ गुणिले ८६ म्हणजे जवळजवळ ४०० लिटर. दोन मोठी पिंपे भरून पाणी तुमच्या स्लॅबमध्ये कोणाच्याही नकळत गेले. हे जास्तीचे पाणी पुढे सुकते आणि जागा पोकळ सोडते. पहिल्या दोन पावसाळ्यांत छताला पाझर फुटतो तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावले जाते, आणि तो चौरस फुटावर पैसे घेतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, दिवसभर उन्हात पडलेली वाळू-खडी अगदी कोरडी असते. ती मिक्सरमधलेच पाणी पिते. तेव्हा तेवढेच मिश्रण २७ वर तीन लिटर जास्त मागते. म्हणजे एकाच प्रमाणाला एका दिवशी २२ लिटर आणि दुसऱ्या दिवशी ३०, आणि दोन्ही बरोबर. ‘आम्ही कायम इतक्याच बादल्या टाकतो’ असे सांगणाऱ्या मुकादमाला हे समजावून सांगा. उन्हाळ्यात सोपा उपाय म्हणजे आदल्या संध्याकाळी खडीवर पाणी मारा आणि रात्रभर निथळू द्या. सकाळी हिशेब स्थिर मिळतो.

फर्म्याने मोजत असाल तर हे नीट वाचा

खान्देशात घरगुती स्लॅब वजनाने होत नाहीत. ते फर्म्याने होतात, आणि बऱ्याच ठिकाणी नुसत्या घमेल्याने. मग पाण्यापेक्षा मोठी चूक वाळूच्या मापात होते.

दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो आणि वाळू फुगते. चार ते सहा टक्के ओलीला फुगवटा सगळ्यात जास्त असतो. २० ते ३० टक्के सहज, बारीक वाळूला त्याहूनही अधिक. गंमत अशी की वाळू पुरती भिजली, पाण्याखाली गेली, की पापुद्रा मोडतो आणि ती पुन्हा कोरड्या वाळूइतकीच जागा घेते. चाचणी यावरच आधारलेली आहे. तिला ना काटा लागतो ना गॅस.

सरळ बाजूंचा डबा किंवा काचेचा मोठा ग्लास घ्या. दमट वाळू न ठोकता, सैल टाकून दोन-तृतीयांश भरा. वर सपाट करा. स्टीलची पट्टी तळापर्यंत खुपसून उंची मोजा. समजा २० सेंटीमीटर. वाळू बाहेर काढा, एक दाणाही सांडू नका. डब्यात निम्मे पाणी घ्या. अर्धी वाळू टाका, बारीक सळईने खुपसून हवा काढा. उरलेली टाका, पुन्हा खुपसा, सपाट करा. आता उंची मोजा. समजा १६. २० भागिले १६ म्हणजे सव्वा. फुगवटा २५ टक्के.

या वाळूचा दीड फर्मा टाकलात तर आत खरी वाळू सव्वा फर्म्याहूनही कमी. ८३ ऐवजी ६६ ते ६७ किलो. दर गोणीला १६ किलोच्या वर तूट. माल खरखरीत होतो, खडी सुटी दिसते, व्हायब्रेटर लावूनही बीमच्या तळाशी हनीकोंब राहतात. मग माल ‘चालत नाही’ म्हणून आणखी पाणी. शिवाय दर गोणीतून निघणारे काँक्रीट साडेचार टक्क्यांनी कमी होते. आपल्या ८६ गोण्यांच्या स्लॅबला चार गोण्या जास्त लागतात. चार गोण्यांचा आजचा भाव लावा. शिवाय ‘सिमेंट कसे काय कमी पडले’ हा वाद वेगळा, आणि त्यात उगाच कोणावर तरी चोरीचा आळ येतो.

दुरुस्ती अशी: दीड फर्मा गुणिले सव्वा, म्हणजे १.८७५ फर्मे. साइटवर पावणेदोन आणि वर थोडी असे कोणी मोजत नाही. म्हणून फर्म्यालाच खूण करा. ४० बाय ३५ तळ आणि २५ उंची, सगळे सेंटीमीटरमध्ये आणि आतून, हा ३५ लिटरचा फर्मा. आतल्या बाजूने काठापासून दीड सेंटीमीटर खाली खिळ्याने रेघ ओढा. वाळूचे दोन फर्मे त्या रेघेपर्यंत, खडीचे तीन फर्मे काठापर्यंत. खडी फुगत नाही, तिच्या मापाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी फुगवटा बदलला तर रेघ बदला.

घमेल्यानेच काम होणार असेल तर सकाळी सगळ्यांसमोर एक फर्मा घमेल्यांनी भरून मोजा आणि तोच आकडा धरा. शिगोशीग घमेले आणि सपाट घमेले यांत फार फरक असतो, आणि दुपारनंतर हात थकले की शीग उतरते.

काटाच नसेल, वेळच नसेल

मग आयएस ४५६ मधला तक्ता वापरा. त्यात मोकळ्या पाण्याचे अंदाज दिले आहेत: दमट वाळू अडीच टक्के, मध्यम ओली ५, खूप ओली साडेसात. हे आकडे पृष्ठभागावरच्या पाण्याचे आहेत, यातून शोषण पुन्हा वजा करू नका. ८३ किलोच्या हिशेबाने दर गोणीला अनुक्रमे दोन, चार आणि सहा लिटर कापा. ओल्या खडीसाठी सव्वा ते अडीच टक्के, म्हणजे आणखी दोन ते चार लिटर. खडी जितकी मोठी तितके पाणी कमी, त्यामुळे २० मिलिमीटरच्या निथळलेल्या खडीला दोनच धरा.

वाळू कोणत्या गटात? मूठ आवळा. गोळा होतो पण उघडताच फुटतो, तर दमट. गोळा टिकतो आणि तळहात ओलसर होतो, तर मध्यम. तळहातावर पाणी चमकते किंवा बोटांतून गळते, तर खूप ओली. हा अंदाजच आहे. कढईची सर त्याला नाही, पण काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

वाळू विकत घेतानाच पाण्याचे पैसे जातात

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू २५ टक्के फुगलेली असेल तर तुमच्या ब्रासमध्ये खरी वाळू ८० घनफूट. भाव ५००० रुपये ब्रास ठरला असेल, तर तुम्हाला तो प्रत्यक्षात ६२५० ला पडला. पावतीवर हे कुठे दिसत नाही.

तीच वाळू वजनाने घेतलीत तर? साडेपाच टक्के ओल म्हणजे १० टन वाळूत पाणी सव्वापाचशे किलोच्या आत. तोटा पाच टक्के. तेव्हा नियम सोपा आहे: वाळू दमट असेल तर वजनाने घ्या. टिपरमधून पाणी टपकत असेल तर मापाने घ्या, कारण पुरत्या भिजलेल्या वाळूत फुगवटा कमी आणि पाण्याचे वजन जास्त. विकणारा नेमके उलट सुचवत असेल तर त्याला हिशेब येतो असे समजा. वजनाने घेताना भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही वजनांची काटापावती मागा. एकच वजन लिहिलेली पावती चालवून घेऊ नका.

मागवताना किती मागवायची? आपल्या ८६ गोण्यांना कोरडी वाळू ७.१ टन, म्हणजे साधारण १.६ ब्रास. पण येणारी वाळू दमट असेल तर तेवढ्याच कामाला २ ब्रास लागते. १.६ चा हिशेब करून मागवली, तर फर्म्याची दुरुस्ती नीट करणाऱ्याची वाळू स्लॅब संपण्याआधी संपेल. मग ऐन वेळी मिळेल त्या भावाने, मिळेल तिथून आणावी लागते, आणि ती वेगळ्या ओलीची असते. सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. खडी ३.२ ब्रासच्या आसपास.

वाहनाबरोबर वाहतूक पास आहे का, त्यावरचा गाडी क्रमांक आणि वेळ जुळते का, हे उतरवण्याआधी बघा. पास नसलेली वाळू स्वस्त पडत नाही. दंडाची आणि जप्तीची टांगती तलवार तुमच्या दारात उभी राहते. घरकुल योजनेचे लाभार्थी असाल तर राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. तहसील कार्यालयात चौकशी करा. वाहतुकीचा खर्च कोणाचा, हेही तिथेच विचारून घ्या.

पावसाळ्यात नदीपात्रातला उपसा बंद असतो, म्हणून लोक मेअखेर ढीग मारून ठेवतात. ढीग उताराच्या वरच्या बाजूला मारा आणि ताडपत्रीने झाका. स्लॅबच्या दिवशी तळाची वीतभर वाळू शेवटपर्यंत हलवू नका. निथळलेले सगळे पाणी तिथे साठलेले असते, आणि त्यात माती असते ती वेगळीच. मिक्सरवर काम करणारे मजूर सोयीसाठी ढिगाच्या पायथ्यापासूनच फावडे मारतात. सकाळीच सांगा: पायथ्यापासून नाही, तळ सोडून बाजूने उचला.

मिक्सरपाशी

बादलीवर खुणा करा. बादली काट्यावर ठेवून पाणी ओता: १० किलो पाणी म्हणजे १० लिटर. मिक्सरच्या टाकीवरच्या काचेतल्या रेघांवर भरवसा ठेवू नका. २२.४ पैकी आधी २० लिटर घाला, माल फिरू द्या, मग उरलेले. २२.४ च्या वर जाण्याची परवानगी कोणालाही देऊ नका. माल घट्ट वाटत असेल तर आधी वाळूचे माप तपासा, आणि तरीही घट्ट असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने प्लास्टिसायझर घाला. पाणी दोन-चार मिली इकडेतिकडे चालेल, लिटर नाही.

पहिली बॅच वेगळी धरा. रिकामा ड्रम सिमेंटची लापशी स्वतःला लावून घेतो. आणि जेवणाच्या सुट्टीत ड्रम धुतला असेल तर आत पाणी राहिले का ते बघा. पहिली बॅच पातळ निघते ती बहुधा याचमुळे.

ओल बदलली हे ओळखायचे कसे? माप तेच, पाणी तेच, आणि माल एकदम पातळ यायला लागला, तर ढिगात पुढचा थर जास्त ओला आहे. स्लम्प कोन असेल तर उत्तम. स्लॅब-बीमला ५० ते १०० मिलिमीटर ठीक. आकडा अचानक वाढला तर थांबा आणि पुन्हा वाळू तपासा. कोन नसेल तर ओतलेल्या मालाकडे बघा. सपाट केल्यावर लगेच पाण्याचे तळे साचत असेल, सेंटरिंगच्या सांध्यांतून लापशी टपकत असेल, तर पाणी जास्त आहे. त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरणे हा उपाय नव्हे, ती झाकाझाक आहे, आणि वरचा पापुद्रा पुढे सुटतो. ‘एक गोणी जास्त टाकू’ हेही तसेच. तिचे पैसे तुमचे जातात आणि पाणी आत आहे ते आहेच.

चाचणी दिवसातून तीनदा करा: काम सुरू होण्याआधी, दुपारी, आणि नवी गाडी आली की लगेच. यासाठी एक माणूस फक्त मापावर ठेवा. त्याची दिवसाची मजुरी हाच या सगळ्या व्यवस्थेचा खरा खर्च. लेबर ठेकेदार चौरस फुटावर पैसे घेतो, त्याला काम लवकर उरकण्यात फायदा असतो. म्हणून मापावरचा माणूस त्याचा नको, तुमचा हवा. आणि ठेका लिहितानाच एक ओळ घाला: पाणी मोजून, वाळूचा फुगवटा आणि ओल धरून. नंतर सांगितले तर ‘एक्स्ट्रा’ मागितले जाते.

रेडीमिक्स घेत असाल तर

ही कटकट प्लांटवाल्याची, पण तपासायची जबाबदारी तुमची. गाडीबरोबर बॅचची छापील पावती येते. तीत प्रत्येक मालापुढे ओलीचा आकडा असतो. जुलैत वाळूपुढे शून्य छापलेले दिसले तर गाडी उतरवण्याआधी प्लांटला फोन करा. साइटवर गाडीच्या ड्रममध्ये पाणी घालायला ड्रायव्हर पाइप मागेल. देऊ नका. एकदा घातले की ताकदीची हमी प्लांटवाला झटकतो, आणि त्याचे बरोबरच असते.

रेडीमिक्स असो की साइटवरचा माल, क्यूब भरायला विसरू नका. ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, २८ दिवसांच्या चाचणीसाठी. ७ दिवसांचा अंदाज हवा असेल तर जास्तीचे तीन भरा. क्यूब फक्त सकाळच्या बॅचमधून नव्हे, दुपारनंतरच्या एखाद्या बॅचमधूनही भरा. सकाळची बॅच सगळेच नीट करतात.

आणि पाऊस सुरू असेल तर यातला कोणताही हिशेब चालत नाही, कारण ओल प्रत्येक बॅचला बदलते. आभाळ भरून आले असेल तर स्लॅब पुढे ढकला. मिक्सरचे भाडे आणि मजुरांचा एक दिवसाचा खाडा भरून द्या. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या. ढीग झाका, दुसऱ्या सकाळी कढई चढवा, आणि मग आकडा काढून सुरुवात करा.